कुलूप लागलं आहे हे माहीत असूनही मन का मानत नाही?

प्रश्न : मॅडम, मी पांढरकवड्याजवळच्या एका गावात राहतो. शेती आहे, जोडीला लहानसं कृषी केंद्र आहे. रात्री शटर पाडतो, दोन्ही कुलपं ओढून पाहतो, घरी येतो आणि जेवायला बसलो की मनात येतं, लागलं असेल ना? मग गाडी काढून परत जातो. घरी गॅसचंही तसंच. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असताना विश्वास का बसत नाही? माझी स्मरणशक्ती जात आहे का? घरी म्हणतात, याला काहीतरी बाहेरचं लागलं आहे.

उत्तर :

तुमची स्मरणशक्ती शाबूत आहे आणि तुम्हाला बाहेरचं काही लागलेलं नाही. ज्याची स्मरणशक्ती खरोखर जाते तो माणूस जेवणावरून उठून दुकानाकडे जात नाही. त्याचं शटर लावायचंच राहून जातं आणि सकाळी ते उघडं पाहून तोच चकित होतो. तुम्ही आठवून पाहा, परत गेलात तेव्हा कुलूप उघडं सापडलं असं किती वेळा झालं? या त्रासाच्या माणसांना मी हा प्रश्न नेहमी विचारते, आणि ते जवळजवळ नेहमीच थोडं थांबून म्हणतात, "एकदाही नाही." म्हणजे आठवण दर वेळी खरी निघते, तरी तिच्यावरचा विश्वास कमी होत जातो. तो कमी होतो पुन्हा पुन्हा पाहिल्यामुळेच. पहिल्यांदा ऐकताना हे पटत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

नेदरलँड्समधल्या मार्सेल व्हॅन डेन हौट आणि मेरेल किंट या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी कसलाही त्रास नसलेले विद्यार्थी घेतले. संगणकाच्या पडद्यावर एक गॅसची शेगडी होती. तिचे ठरावीक बर्नर सुरू करायचे, बंद करायचे आणि बंद झालेत का ते तपासायचं. अर्ध्या विद्यार्थ्यांनी हे काम वीस वेळा केलं. उरलेल्या अर्ध्यांनी तेवढ्याच वेळा दिवे लावले, विझवले आणि तपासले. शेवटी सगळ्यांना एकदा शेगडी तपासायला लावली आणि विचारलं, आत्ता शेवटच्या वेळी तुम्ही कोणते बर्नर तपासले? उत्तरं दोन्ही गटांची सारखीच बरोबर आली. मात्र शेगडी वीस वेळा तपासणारे म्हणाले की चित्र धूसर आहे, बारकावे आठवत नाहीत, आणि आठवतं त्याचा भरवसा वाटत नाही. दिवे तपासणाऱ्यांना हा त्रास झाला नाही. पुढे कॅनडात खऱ्या स्वयंपाकघरातल्या खऱ्या शेगडीवर असाच प्रयोग झाला आणि तिथेही भरवसा असाच ढासळला. आणखी एका अभ्यासात ही घसरण दोन ते दहा वेळांच्या दरम्यानच सुरू होते असं दिसलं. म्हणजे त्यासाठी वीस वेळा तपासण्याचीही गरज नसते.

हे विद्यार्थी धडधाकट होते. तेवढ्याशा तपासण्याने त्यांची ही गत झाली, तर जो माणूस वर्षानुवर्षं रोज रात्री हेच करतो त्याच्या मनातलं चित्र किती पुसट होत असेल, याचा अंदाज बांधता येतो.

असं का होतं? आपण एखादी गोष्ट पहिल्यांदा पाहतो तेव्हा डोळे, कान, बोटं सगळी कामाला लागतात. कुलपाचा थंडपणा, चावी फिरल्याचा खट् आवाज, शेजारून जाणारी बंडी, हे सगळं मिळून एक आठवण होते. तीच गोष्ट लागोपाठ पाहिली की मेंदू बारकावे टिपणं सोडून देतो. 'कुलूप लागलं' एवढा कोरडा निष्कर्ष तो ठेवतो. नंतर आठवायला गेलं तर निष्कर्ष सापडतो, चित्र सापडत नाही. आणि आठवण खरी आहे असं आपल्याला वाटतं ते त्या चित्रामुळेच. शिवाय सगळ्या वेळा एकमेकींत मिसळतात. पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटेवर एकच माणूस गेला असेल तर त्याचं पाऊल स्वच्छ उमटलेलं दिसतं, पण वीस माणसं गेल्यावर नुसता चिखल उरतो. तुम्हाला आठवतं ते कुलूप आजचं की कालचं, पहिल्या वेळचं की चौथ्या, हे म्हणूनच ओळखू येत नाही. टक लावून पाहत राहिल्यानेही असंच होतं. नॉबकडे बराच वेळ एकटक पाहा, तो बंद आहे की नाही हे समोर दिसत असूनही डोळ्यांवर विश्वास बसेनासा होतो.

मग माणूस मुळात तपासायला लागतो कशामुळे? शंका सगळ्यांनाच येते. शटर पाडणं, रेग्युलेटर फिरवणं ही हाताच्या सवयीची कामं आहेत. ती करताना मन उधारीच्या वहीत किंवा उद्याच्या फवारणीत असतं, त्यामुळे आठवण मुळातच पुसट राहते. बहुतेक लोक "लावलं असेल" म्हणून जेवतात. काहींना ते जमत नाही, कारण त्यांच्या लेखी ती नुसती शंका उरत नाही, जबाबदारी होते: मला शंका आली आणि तरी मी गेलो नाही, आणि उद्या चोरी झाली, तर ती माझ्यामुळे झाली. धोका किती मोठा आणि तो होण्याची शक्यता किती, यापेक्षा हा 'माझ्यामुळे'च जास्त पिडतो. तुम्हीच पडताळून पाहा. ज्या रात्री दुकान दुसऱ्या कुणी बंद केलं असेल, त्या रात्री तुम्हाला परत जावंसं वाटतं का? बहुतेकांना वाटत नाही. दुकान तेच, कुलूप तेच, चोरही तेच; फक्त जबाबदारी दुसऱ्याची असते.

तुम्ही जाऊन पाहता, कुलूप लागलेलं असतं, छातीवरचं ओझं उतरतं. तो सुटकेचा श्वास फार गोड असतो आणि मेंदू नेमका तोच धडा शिकतो: शंका आली की जायचं, म्हणजे बरं वाटतं. चोरी झाली नाही याचं श्रेयही तो त्या फेरीलाच देतो. न जाताही चोरी झाली नसती, हे कळायची संधीच त्याला मिळत नाही. आणि या कामाला आपोआप येणारा शेवट नाही. पोतं भरलं की भरलेलं दिसतं. 'पुढे काही वाईट होणार नाही' हे कधीच पूर्ण झालेलं दिसत नाही, म्हणून कितीही वेळा पाहिलं तरी काम अर्धवटच वाटतं.

एका बाईंची हकिगत सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. यवतमाळ जिल्ह्यातल्याच, वय चाळिशीच्या आसपास, घरची थोडी कोरडवाहू शेती आणि हंगामात दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायला जाणाऱ्या. घरी नवरा, सासू, दहावीतली मुलगी. आधी चुलीवर स्वयंपाक होता, मग सिलिंडर आला. चुलीत पाणी टाकलं की चर्र आवाज येतो, धूर होतो, निखारा काळा पडतो. विझलेली चूल दिसते. बंद गॅसचं दाखवण्यासारखं काहीच नसतं. तरी पहिली काही वर्षं त्यांना अडचण नव्हती. मग शेजारच्या आळीत एका घरी नळीला भेग पडून आग लागली. माणसं वाचली, छप्पर जळालं. त्याच सुमारास सासू थकल्या आणि म्हणाल्या, "आता घर तुयाच भरवशावर हाय बाई." त्या दिवसापासून सुरुवात झाली.

माझ्याकडे आल्या तेव्हा रोज सकाळचा क्रम असा झाला होता. शेगडीची दोन्ही बटणं पाहायची. रेग्युलेटर बंद आहे का पाहायचं, पुन्हा उघडून पुन्हा बंद करायचा. बर्नरवर तळहात धरायचा. वाकून वास घ्यायचा. नळीवरून बोट फिरवायचं. मग बाहेर यायचं, कडी लावायची, कुलूप ओढायचं, पुन्हा ओढायचं. चार पावलं गेलं की परत. या सगळ्यात जवळपास तास जायचा. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, उशीर झाला की तेवढा कापूस कमी. बायांनी भरलेला ऑटो त्यांच्यासाठी थांबेनासा झाला. आणि कुलूप इतकं ओढलं जायचं की कोयंडाच चौकटीतून खिळखिळा झाला होता. आता त्यांना नवीन काळजी लागली होती, ती खरी होती: कोयंडा उखडला तर? दार सुरक्षित राहावं म्हणून केलेल्या तपासणीनेच दार कच्चं झालं होतं.

सासू घरी असल्या की त्या गॅसकडे ढुंकूनही पाहत नसत. त्यांनीच हे सहज सांगितलं, आणि मला निदानाला त्याची सर्वांत जास्त मदत झाली. आजार डोळ्यांत किंवा स्मरणात असता तर सासू घरी असण्या-नसण्याने फरक पडला नसता. त्या म्हणाल्या, "मले माहीत हाय बंद हाय, पण मन मानत नाही." वैद्यकीय भाषेत याला ओसीडी म्हणतात, मराठीत मंत्रचळ. त्यातला तपासण्याचा हा प्रकार भरपूर आढळतो.

उपचार असा केला. आधी कोयंडा नवा बसवून घेतला आणि गॅसची नळी बदलायला लावली, कारण जे खरोखर दुरुस्त करायचं आहे ते एकदाच करून मोकळं व्हावं. मग मुलीच्या वहीत एक यादी केली. कोणती गोष्ट एकदाच पाहून सोडली तर जीव किती घाबरेल, ते सोळा आण्यांत मोजायचं. गोठ्याचं फाटक चार आणे. विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर सहा. घरात कुणी असताना गॅस आठ. दाराचं कुलूप दहा-बारा. घर रिकामं असताना गॅस पूर्ण सोळा. सुरुवात फाटकापासून केली. नियम एकच: एकदा लावायचं, एकदा पाहायचं, हात काढायचा आणि निघायचं. खात्री वाटो न वाटो, निघायचंच. लोक इथेच अडतात. त्यांना वाटतं, आधी खात्री पटू दे, मग निघतो. उपचारात उलटं करायचं असतं, खात्री नसतानाच निघायचं असतं.

रिकाम्या घरातल्या गॅसची पाळी तीन-चार आठवड्यांनी आली. त्या सकाळी दाराबाहेर पडताना त्यांनी पंधरा आणे सांगितले, हात थरथरत होते. ऑटोत बसताना पंधराच. वावरात पोचल्यावर, पहिल्या तासात पऱ्हाटीच्या ओळीत शिरल्यावर बारा. दुपारी डबा उघडताना चार, आणि संध्याकाळी घरी येताना तर आठवणही नव्हती. हे सगळ्यांच्याच बाबतीत होतं. लंडनमध्ये रॅकमन या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात अशा रुग्णांना तपासू न देता नुसतं बसवून ठेवलं आणि दर थोड्या वेळाने विचारत राहिले. तपासण्याची ओढ आपोआप उतरत गेली, बरीचशी पहिल्या तासातच. ती पाहण्यानेच उतरते असं माणसाला वाटत असतं, कारण न पाहता ती किती वेळ टिकते हे त्याने कधी अनुभवलेलंच नसतं. दुसऱ्या दिवशी त्यांचे पंधराचे तेरा झाले, आठवड्याने सात. मधे एक दिवस पुन्हा चौदावर गेले, त्याची काळजी करण्याचं कारण नव्हतं.

मग गाडी अडली. वहीत सगळं छान लिहिलेलं, पण चेहऱ्यावर ताण तसाच. मी विचारलं, "सकाळी घरातून शेवटी कोण निघतं?" मुलगी. पूर्वी मुलगी आधी शाळेत जायची, आता आई तिला मागे ठेवून निघत होती. तपासणं थांबलं नव्हतं, मुलीच्या अंगावर गेलं होतं. तीच गत नवऱ्याची. वावरातून फोन यायचा, "गॅस बंद होता ना जी?" आणि तो बिचारा मायेने सांगायचा, "हो वं, म्या पाह्यलं, बंद हाय." हे उत्तर म्हणजे दुसऱ्याच्या डोळ्यांनी केलेली तपासणीच. तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि अर्ध्या तासात पुन्हा फोन. नवऱ्याला बोलावून समजावलं आणि तिघांसमोर ठरलं की यापुढे तो एवढंच म्हणेल, "याचं उत्तर द्यायचं नाही असं आपलं ठरलं हाय. घरी आलीस का चहा घेऊ." रागावून नाही, थट्टेने नाही. पहिले काही दिवस घरात कुरबूर झाली, नवऱ्यालाच जास्त जड गेलं.

तिसरी पळवाट त्यांनी आपणहून सांगितली. कापूस वेचता वेचता त्या डोळे मिटून सकाळ पुन्हा आठवायच्या: हात असा नेला, नॉब असा फिरवला, मग कडी. मनातल्या मनात तपासणी. बाहेरच्या माणसाला ती दिसत नाही म्हणून ती सुटून जाते, आणि उपचार करूनही गुण येत नाही तेव्हा पुष्कळदा तिथेच घोडं अडलेलं असतं. त्यावर उपाय असा की आठवण्याची लहर आली की चित्र पुरं करायचंच नाही. मनाला एवढंच सांगायचं, "राहिला असेल सुरू, नसेल, मले नाही माहीत," आणि बोंडाकडे नजर वळवायची. ऐकायला क्रूर वाटतं. पण ज्या मनाला शंभर टक्के खात्रीचं व्यसन लागलं आहे त्याला अनिश्चिततेत राहायला असंच शिकवावं लागतं. तुम्ही-आम्ही सगळे रोज तेवढ्याच अनिश्चिततेत झोपतो.

तीन-साडेतीन महिन्यांत त्यांची सकाळ दहा मिनिटांवर आली. दिवाळीत माहेरी मुक्कामाला जाताना पुन्हा जोर झाला, दोन वेळा परत आल्या, नंतर सावरल्या. असं होतं. घर अनेक दिवस बंद राहणार असेल, आजारपण असेल, झोप कमी झाली असेल, तेव्हा हा त्रास डोकं वर काढतो. नियम तोच ठेवायचा.

आता तुमच्या दुकानाचं. तुमच्या यादीत शटर बहुधा सर्वांत वर असेल, म्हणून आधी सोप्यावर हात बसवा: गाडीचं हँडल लॉक, वावरातल्या मोटरचा स्टार्टर, घराचं दार. ते जमलं की शटर. डावं कुलूप लावा, एकदा ओढा. उजवं लावा, एकदा ओढा. ही दोन मिनिटं मात्र पूर्ण तिथे असा: फोन खिशात, गिऱ्हाइकाशी बोलणं आधी संपवलेलं, नजर कुलपावर. चावी खिशात टाकली की काम संपलं. "लागलं, लागलं" असं मोठ्याने म्हणायची युक्ती काही जण सांगतात. मी सांगत नाही, कारण चार दिवसांत ते म्हणणंच नवा विधी होतं, आणि मग नीट म्हटलं की नाही याची शंका येते. कुलपाचा मोबाईलवर फोटो काढणं हेही तसंच. फोटो पाहून माणूस म्हणतो, हा आजचाच आहे ना?

कॅमेरा बसवायचा विचार तुमच्या मनात आला असेल. बी-बियाणं आणि औषधांचं दुकान आहे, चोरीसाठी म्हणून जरूर बसवा. पण जेवताना ॲप उघडून शटर पाहायचं नाही. रात्री गाडी काढून जाणं आणि ताटाशेजारी फोन ठेवून पाहणं, मेंदूच्या लेखी दोन्ही एकच. दुसरं तर जास्त सोपं आहे, म्हणून जास्त वेळा होतं.

जेवताना ओढ असह्य झाली तर तिला नाही म्हणू नका, अर्धा तास पुढे ढकला. घड्याळ लावा, जेवण पुरं करा, अंगणात या, जनावरांना चारा टाका. अर्ध्या तासाने किती आणे उरले ते लिहा आणि पुन्हा अर्धा तास ढकला. एखाद्या रात्री गेलातच तर गेलात. वहीत लिहा आणि उद्या पुन्हा तोच नियम. तुमच्या मंडळींना मात्र सांगून ठेवा की "लागलं असेल का गं?" याचं उत्तर त्यांनी द्यायचं नाही. त्या आतापर्यंत प्रेमाने देत आल्या असतील, म्हणून हे त्यांच्याशी आधी नीट बोलून ठरवा, नाहीतर त्यांना वाटेल डॉक्टरीणबाईने भांडण लावलं.

गॅसबद्दल सांगताना मी एक रेघ स्पष्ट ओढते. शंका आणि पुरावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सिलिंडरमधल्या वायूला स्वतःचा वास नसतो, त्यात मुद्दाम उग्र वासाचं रसायन मिसळलेलं असतं, कारण गळती नाकाला कळावी. खोलीत शिरताना तो वास आला, तर हा पुरावा आहे. तेव्हा विजेचं बटण चालू-बंद काही करायचं नाही, काडी ओढायची नाही, दारं-खिडक्या उघडायच्या, रेग्युलेटर बंद करायचा, बाहेर पडायचं आणि १९०६ या क्रमांकावर फोन करायचा. हा वायू हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो, म्हणून खालचं दार उघडणं महत्त्वाचं. वावरात बसून "वास आल्यासारखं वाटतंय" हा पुरावा नव्हे. खरी सुरक्षा पुन्हा पाहण्यात नसते. ती असते गॅसची नळी पाच वर्षांच्या आत बदलण्यात, रात्री रेग्युलेटर एकदा बंद करण्यात असते, सिलिंडर उभा ठेवण्यात असते.

एका गोष्टीत मात्र मी जे सांगितलं ते लागू नाही. घरातल्या साठीपुढच्या माणसाला हे नव्याने सुरू झालं असेल, आणि गॅस खरोखर सुरू राहिलेला सापडत असेल, पैसे कुठे ठेवले ते आठवत नसेल, ओळखीच्या वाटेवर चुकायला होत असेल, तर त्याला तपासू नका म्हणणं धोक्याचं आहे. ते स्मृतिभ्रंशाचं लक्षण असू शकतं, तिथे डॉक्टरांकडून तपासणी आणि घरच्यांची सोबत दोन्ही लागतात.

औषध कधी लागतं? दिवसातला तासाहून जास्त वेळ यात जात असेल, दुकान-शेतीवर परिणाम होत असेल, किंवा वर लिहिलेलं करायला बसल्यावर पहिली पायरीच चढवत नसेल, तर. फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिन या गटातली औषधं यात काम करतात. उदासीसाठी दिली जातात तीच ही औषधं, पण या आजारात मात्रा बऱ्याचदा जास्त लागते आणि गुण यायला आठ ते बारा आठवडे जातात. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून पुष्कळ जण सोडून देतात, आणि मग "औषधाने काही होत नाही" असं गावभर होतं. मनाने सुरू करू नका, मनाने बंदही करू नका. मेडिकलमधून आणलेली झोपेची गोळी त्या रात्रीपुरती गुंगी आणते, तपासण्याच्या ओढीवर तिचा काही उपयोग नाही, उलट सवय लागते. उतारा, गंडा-दोरा यांनी मन थोडे दिवस शांत होतं हे मी पाहिलं आहे. श्रद्धा असेल तर त्याला माझा विरोध नाही, मात्र त्याच्या भरवशावर उपचार मागे टाकू नका.

तुमच्यासाठी जवळचं ठिकाण म्हणजे यवतमाळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. वर्धा बाजू सोयीची असेल तर सेवाग्रामच्या रुग्णालयातही मानसोपचार विभाग आहे. तिथवर जायला वेळ लागणार असेल तर १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक दिवसरात्र सुरू असतो, मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत. पहिल्या भेटीला आठवडाभराची वही घेऊन या: किती वेळा परत गेलात, किती वाजता, तेव्हा किती आणे होते, आणि त्या दिवशी दुकान कोणी बंद केलं होतं. मंडळींनाही सोबत आणा, कारण निम्मा उपचार त्यांना शिकवायचा आहे.